डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स डी ड्राईव्हवर हलवायचे आहेत: आधीच्या फाईल्सचं काय होतं?

निळाई
नमस्कार मंडळी. माझ्या लॅपटॉपच्या सी ड्राईव्हवर २३७ जीबीपैकी जेमतेम ९ जीबी जागा उरली आहे. डी मात्र जवळपास मोकळा आहे, ६०० जीबीच्या वर जागा आहे. सीवर सगळ्यात जास्त जागा पिक्चर्स फोल्डरने खाल्ली आहे (८६ जीबी), त्याखालोखाल डॉक्युमेंट्सने (१४ जीबी). विंडोज ११ आहे.

फोल्डरवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, मग लोकेशन नावाच्या टॅबमध्ये जाऊन पत्ता बदलता येतो एवढं कळलं. माझा प्रश्न पुढचा आहे. पत्ता बदलला की आत्ता आत असलेले फोटो आपोआप डीवर जातात, की ते आधी मी हाताने कॉपी करायचे? आणि जातात तर सीवरची जागा खरंच मोकळी होते, की तिथेही एक प्रत राहते? बारा-तेरा वर्षांचे फोटो आहेत, त्यामुळे करून बघू आणि मग ठरवू असं करायचं नाहीये.

वाटसरू
एवढं काही नाही त्यात. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, स्टोरेज, तिथे पुढच्या पानावर 'नवीन गोष्टी कुठे सेव्ह व्हाव्यात' असा पर्याय आहे. तिथे फोटो आणि डॉक्युमेंट्ससाठी डी निवडा, झालं काम. मी तसंच केलं आहे.

बिनतारी
वाटसरू, तो पर्याय आहे आणि चालतोही, पण निळाई यांचा प्रश्न त्याने सुटत नाही. तो फक्त यापुढच्या फाईल्ससाठी आहे. डीवर तुमच्या खात्याच्या नावाचा एक फोल्डर तयार होतो आणि नवीन गोष्टी त्यात जाऊ लागतात. जुने ८६ जीबी सीवर जिथे आहेत तिथेच राहतात.

निळाई, तुम्ही म्हणताय तोच रस्ता बरोबर आहे. लोकेशनमध्ये नवा पत्ता देऊन अप्लाय दाबलं की एक प्रश्न येतो: जुन्या जागेतल्या सगळ्या फाईल्स नव्या जागी हलवायच्या का? खाली येस, नो आणि कॅन्सल. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या तीन बटणांत आहे.

येस म्हटलं तर दोन गोष्टी होतात: विंडोजच्या नोंदीत पिक्चर्सचा पत्ता बदलतो आणि आतलं सगळं नव्या ठिकाणी हलवलं जातं. ड्राईव्ह वेगळा असल्याने प्रत्यक्षात हे कॉपी करून मग मूळ पुसणं असतं. म्हणून ८६ जीबीला वेळ लागेल, पण शेवटी सीवरची जागा मोकळी होते. तिथे प्रत राहत नाही.

नो म्हटलं तर फक्त पत्ता बदलतो. घर बदलल्याचं सगळ्यांना कळवलं, पण सामान जुन्याच घरात राहिलं, अशी ती अवस्था. पुसलं काहीच जात नाही, पण पिक्चर्स उघडलं की रिकामं दिसतं आणि पोटात गोळा येतो.

कॅन्सल म्हणजे काहीच बदलत नाही.

अबोली
हे 'रिकामं दिसतं' प्रकरण आमच्या घरी घडलं आहे. दिराच्या संगणकावर कोणीतरी नो दाबून दिलं होतं. सासूबाईंचे सगळे जुने फोटो गेले म्हणून घरात सुतकी वातावरण. फोटो सुखरूप होते, पण ते शोधायचे कसे तेच कोणाला सुचेना. कारण डावीकडच्या यादीतलं पिक्चर्स आता डीवर नेत होतं, आणि तेवढा एकच रस्ता सगळ्यांना माहीत!

बिनतारी
अबोली, अशा वेळी विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबायची आणि येणाऱ्या चौकटीत हे टाकायचं:

```
%USERPROFILE%\Pictures
```

डावीकडच्या यादीतलं पिक्चर्स नोंद वाचून नव्या जागी नेतं. हा पत्ता नोंदीकडे बघत नाही, सरळ सीवरच्या मूळ जागी जातो. जुने फोटो तिथे दिसतात. ते सगळे निवडून कट करायचे आणि नव्या फोल्डरमध्ये पेस्ट करायचे. नो दाबून हाताने हलवणं आणि येस दाबणं यांत शेवटी फरक राहत नाही.

गोगलगाय
मग मी तर म्हणेन नो च दाबावं. स्वतः कॉपी करावं, सगळं आलं का बघावं, आणि मगच जुनं पुसावं. ८६ जीबी हलताना मध्येच वीज गेली किंवा लॅपटॉप झोपला तर? माझा हलवण्यावर विश्वास नाही, कॉपीवर आहे.

दर्यावर्दी
मला वाटतं इतकं करायची गरजच नाही. पिक्चर्स फोल्डर सरळ उचलून डीवर ओढून टाका. विंडोजला कळतं. मी डाउनलोड्स असाच हलवला होता आणि तेव्हापासून ब्राउझर आपोआप डीवर उतरवतो.

बिनतारी
दर्यावर्दी, तुमचं अर्धं बरोबर आहे. तुमच्या खात्याच्या फोल्डरमधून तो *फोल्डरच* उचलून दुसरीकडे टाकला तर विंडोज त्याची नोंदही बदलतं. पण फोल्डर उघडून *आतल्या फाईल्स* उचलल्या तर नोंद बदलत नाही. पिक्चर्स सीवरच राहतं आणि नवीन फोटो पुन्हा तिथेच साठू लागतात. बहुतेक लोक दुसरी गोष्ट करतात आणि 'ओढून टाकलं' म्हणतात. शिवाय ओढताना हात चुकून भलत्याच फोल्डरवर सुटला तर डॉक्युमेंट्सचा पत्ता डेस्कटॉपच्या आत जाऊन बसतो. लोकेशन टॅबमध्ये निदान पत्ता डोळ्यांसमोर लिहिलेला असतो.

गोगलगाय, तुमच्या काळजीशी मी सहमत आहे, पद्धतीशी नाही. आधी बाहेरच्या डिस्कवर एक प्रत काढून ठेवावी आणि मग निर्धास्त येस म्हणावं. मध्येच थांबलं तर काही फाईल्स नव्या जागी आणि काही जुन्या असं होऊ शकतं, पण दोन्ही जागा माहीत असल्या की ते निस्तरता येतं. लॅपटॉप चार्जरला लावून ठेवावा आणि तेवढा वेळ त्याचं झोपणं बंद करावं.

गोगलगाय
प्रत काढायचीच आहे तर माझीच पद्धत झाली की ती! असो. ज्याला जे पटेल ते.

पाणकणीस
माफ करा, मध्येच विचारतो. फोनमधले फोटो मेमरी कार्डवर हलवायचे असतील तर हेच करायचं का? माझ्या फोनमध्ये प्रॉपर्टीज असं काही दिसत नाही.

अबोली
पाणकणीस, हा धागा विंडोजच्या फोल्डर्सचा आहे. फोनचं सगळं वेगळं असतं. नवीन धागा काढा, तिथे सांगणारे भेटतील.

शेवंती_
मी आत्ता अशाच भानगडीत अडकले आहे, म्हणून इथेच लिहिते. लोकेशनमध्ये मूव्हचं बटण दाबलं, समोर डी ड्राईव्ह दिसला, तोच निवडला आणि येस म्हटलं. आता पिक्चर्स उघडलं की डी ड्राईव्हवरचं *सगळं* दिसतं, कामाचे फोल्डर्स, गाणी, सगळंच. मग डॉक्युमेंट्सही तिथेच हलवायला गेले तर हा संदेश आला:

`Can't move the folder because there is a folder in the same location that can't be redirected.`

आता रिस्टोर डिफॉल्ट नावाचं बटण दिसतंय. ते दाबू का?

बिनतारी
शेवंती, थांबा. दाबायचं आहे, पण पुढच्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते आधी वाचा.

झालंय असं. मूव्हचं बटण तुम्ही निवडलेल्या जागेत पिक्चर्स नावाचा फोल्डर *तयार करत नाही*. तुम्ही दाखवलेली जागाच पिक्चर्स होते. तुम्ही डी दाखवला, म्हणून अख्खा डी म्हणजे पिक्चर्स अशी नोंद झाली. दोन खास फोल्डर्सना एकच जागा देता येत नाही, म्हणून डॉक्युमेंट्सला नकार मिळाला.

आता रिस्टोर डिफॉल्ट आणि मग अप्लाय दाबलं की सीवरचा जुना फोल्डर नसेल तर तो तयार करायचा का, असं विचारेल. तिथे येस. त्यानंतर तोच फाईल्स हलवण्याचा प्रश्न येईल. *तिथे नो.* विंडोजच्या दृष्टीने आता पिक्चर्समधल्या फाईल्स म्हणजे डीवरचं सगळं. येस म्हटलंत तर ते सगळंच्या सगळं सीवर आणायला निघेल. जागा पुरणार नाही, आणि अर्ध्यात अडकलं की काय कुठे गेलं ते शोधत बसावं लागेल.

नो म्हटल्यावर नोंद सीकडे परत जाईल आणि डीवरचं काही हलणार नाही. तुमचे फोटो डीच्या मुळाशी, तुमच्या बाकीच्या फोल्डर्सच्या शेजारी पडलेले असतील. मग डीवर `D:\Shevanti\Pictures` असा नवा फोल्डर करा, फक्त फोटो निवडून त्यात टाका, आणि लोकेशनमध्ये हा पूर्ण पत्ता द्या. या वेळी येस म्हणा, सीवर काही किरकोळ राहिलं असेल तर तेही येईल.

डीच्या मुळाशी `desktop.ini` नावाची लपलेली फाईल राहिली असेल तर ती पुसून टाका. फोल्डरचं दिसणारं नाव आणि चित्र तिच्यात लिहिलेलं असतं.

शेवंती_
झालं!! नो म्हटलं, पिक्चर्स सीवर परत आलं, रिकामं. फोटो डीवर होते तसे आहेत. आता गोळा करत बसते. येस दाबायला बोट बटणावरच होतं माझं.

निळाई
शेवंती, तुमच्यामुळे मीही वाचले. मीसुद्धा सरळ डीच दाखवणार होते.

बिनतारी, म्हणजे डॉक्युमेंट्ससाठी एक आणि पिक्चर्ससाठी एक असे फोल्डर्स आधी हाताने करून ठेवायचे ना? आणि एक अडचण. माझ्या डॉक्युमेंट्सच्या लोकेशनमध्ये पत्ता `C:\Users\Nilai\OneDrive\Documents` असा दिसतोय. पिक्चर्सचा मात्र साधा आहे. हे काय आहे?

बिनतारी
हो, आधी करून ठेवा. डीवर आपल्या नावाचा एक फोल्डर आणि त्यात हे दोन.

वनड्राईव्हचं असं की त्याच्या बॅकअपमध्ये डॉक्युमेंट्स चालू आहे. चालू असताना त्याचा पत्ता वनड्राईव्हच्या फोल्डरमध्ये असतो. त्याच्या अंगावरून लोकेशन बदलू नका. आधी वनड्राईव्हच्या सेटिंग्जमध्ये जाऊन डॉक्युमेंट्सचा बॅकअप थांबवा. थांबवल्यावर डॉक्युमेंट्स पुन्हा सीवरच्या साध्या पत्त्यावर येईल, पण तुमच्या फाईल्स बहुधा वनड्राईव्हच्या फोल्डरमध्येच राहिलेल्या असतील. इथेही रिकामं दिसलं म्हणून घाबरू नका. त्या तिथून काढून डॉक्युमेंट्समध्ये आणा आणि मग लोकेशन बदला.

सांजपक्षी
मी उलट सांगेन. बॅकअप चालू असेल तर डॉक्युमेंट्स हलवूच नका. १४ जीबीसाठी तो बंद करायचा? जागा ८६ जीबीच्या फोटोंनी खाल्ली आहे, तेवढेच हलवा. डी ड्राईव्ह त्याच लॅपटॉपच्या आत आहे. लॅपटॉप हरवला तर डीही हरवला.

गोगलगाय
सांजपक्षी +१.

बिनतारी
सांजपक्षी, मुद्दा मान्य. जागा पाहिजे एवढाच हेतू असेल तर पिक्चर्स पुरे. डॉक्युमेंट्स हलवायचंच असेल तर बॅकअपची दुसरी सोय करून मगच.

मुक्तछंद
दुसऱ्या एका गोष्टीकडे लक्ष वेधतो, ती वर कोणी काढलेली नाही. हा संगणक घरात एकटीच वापरता का, निळाई?

सीवर तुमच्या खात्याच्या फोल्डरमध्ये असलेल्या फाईल्स दुसऱ्या साध्या खात्यातून उघडता येत नाहीत. डीवर तसं नसतं. दुसऱ्या ड्राईव्हवर हललेल्या फाईल्स तिथल्या परवानग्या घेतात, आणि नव्याने फॉरमॅट केलेल्या ड्राईव्हवर संगणकात लॉगिन करणाऱ्या कोणालाही फाईल्स वाचायची, बदलायचीसुद्धा मुभा असते. म्हणजे मुलांच्या खात्यातून डी उघडलं की तुमची सगळी कागदपत्रं समोर. तपासायचं असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये:

```
icacls "D:\Nilai"
```

उत्तरात `Authenticated Users` अशी ओळ आणि तिच्या शेवटी `(M)` दिसलं तर दार उघडं आहे असं समजा.

निळाई
अरे बापरे. मुलाचं वेगळं खातं आहे याच लॅपटॉपवर. फोटोंचं काही नाही, पण डॉक्युमेंट्समध्ये बँकेचे कागद आहेत. मग हे बंद कसं करायचं?

मुक्तछंद
फाईल्स हलवायच्या आधीच करा, म्हणजे नंतर येणाऱ्या सगळ्यांना तेच लागू होईल. `D:\Nilai` वर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड. *आधी* तुमचं स्वतःचं खातं यादीत घालून त्याला फुल कंट्रोल द्या. मग इनहेरिटन्स बंद करा. विचारेल तेव्हा आहेत त्या परवानग्या तशाच ठेवण्याचा पर्याय घ्या, आणि नंतर यादीतून `Authenticated Users` आणि `Users` या दोन ओळी काढा. `SYSTEM` आणि `Administrators` राहू द्या. स्वतःला घालायच्या आधी त्या ओळी काढल्या तर तुमच्याच फोल्डरसाठी तुम्हालाच परवानगी मागत बसावं लागेल.

मुलाचं खातं ॲडमिनिस्ट्रेटर असेल तर याचा उपयोग नाही, तो परवानगी स्वतःच घेऊ शकतो. आणि डी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला असेल तर सिक्युरिटी टॅबच दिसणार नाही, कारण त्या पद्धतीत परवानग्या नसतातच.

दर्यावर्दी
हे माहीत नव्हतं. माझा डाउनलोड्स इतके दिवस सगळ्यांना खुला होता तर.

पाणकणीस
वाचून माझ्याही संगणकावर करून पाहिलं, पण मला लोकेशन टॅबच दिसत नाही. जनरल, शेअरिंग, सिक्युरिटी एवढंच आहे.

बिनतारी
पाणकणीस, बहुतेक तुम्ही खऱ्या पिक्चर्सवर नाही, त्याच नावाच्या साध्या फोल्डरवर राईट क्लिक केलं आहे. नोंद आधीच कुठेतरी बदललेली असली तर जुना फोल्डर साधा होतो, पण आत `desktop.ini` राहिल्याने दिसायला अगदी तसाच दिसतो. खरा पत्ता कुठे आहे ते असं बघा. ही आज्ञा फक्त वाचते, काही बदलत नाही:

```
reg query "HKCU\Software\Microsoft\Windows\CurrentVersion\Explorer\User Shell Folders"
```

`My Pictures` समोर जो पत्ता येईल तो खरा. डॉक्युमेंट्सची नोंद तिथे `Personal` या नावाने असते. संगणक कार्यालयाचा असेल तर तिथल्या लोकांनी हे बदलणं धोरण म्हणून बंद केलेलं असू शकतं, मग त्यांनाच विचारा.

पाणकणीस
`My Pictures` समोर ई ड्राईव्हचा पत्ता आहे. ई नावाचा ड्राईव्हच नाही माझ्याकडे.

बिनतारी
मग पूर्वी कोणीतरी बाहेरच्या डिस्कवर हलवलं आहे. ती डिस्क लावून बघा. तिला आता दुसरं अक्षर मिळालं असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये ई हे अक्षर परत द्या, पिक्चर्स आपोआप सापडेल. याच कारणासाठी काढ-घाल होणाऱ्या डिस्कवर हे फोल्डर्स हलवू नयेत असं माझं मत आहे.

निळाई
केलं. सांजपक्षी यांचं ऐकून आधी फक्त पिक्चर्स. प्रत काढली, `D:\Nilai\Pictures` तयार केला, परवानग्या मुक्तछंद यांनी सांगितल्या तशा लावल्या, लोकेशनमध्ये पत्ता टाकला आणि येस. मध्ये एकदा एक फाईल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे म्हणून थांबलं. फोटो बघायचा प्रोग्रॅम मागे चालू होता. तो बंद करून ट्राय अगेन दाबलं, पुढे गेलं. सीवर आता ९५ जीबी मोकळी आहे.

एकच विचित्र गोष्ट. सीवर माझ्या खात्याच्या फोल्डरमध्ये पुन्हा एक पिक्चर्स दिसतोय, आणि त्यात माझ्या स्कॅनरच्या प्रोग्रॅमने केलेला एक फोल्डर आहे. आजचा स्कॅन त्यात गेला.

बिनतारी
उत्तम. नीट वागणारा प्रोग्रॅम दर वेळी विंडोजला विचारतो की पिक्चर्स कुठे आहे. तुमच्या स्कॅनरच्या प्रोग्रॅमने सीचा पत्ता स्वतःच्या सेटिंगमध्ये लिहून ठेवलेला दिसतो, आणि फोल्डर नाही म्हणून त्याने तो नव्याने केला. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन पत्ता बदला, तो स्कॅन उचलून डीवर न्या, मग सीवरचा तो रिकामा फोल्डर पुसा. विंडोजची नोंद बरोबर बसली का हे बघायला विंडोज आणि प्रिंटस्क्रीन एकत्र दाबा. तो स्क्रीनशॉट `D:\Nilai\Pictures\Screenshots` मध्ये पडला पाहिजे.

निळाई
पडला तिथेच. स्कॅनरचा पत्ताही सापडला, बदलला.

शेवंती_
माझंही जुळलं. डॉक्युमेंट्सही गेलं, संदेश आला नाही. फक्त आउटलुक उघडल्यावर पीएसटी फाईल सापडत नाही म्हणालं. ओके म्हटल्यावर जी चौकट आली तिच्यात डीवरची फाईल दाखवली, मग उघडलं.

अबोली
बिनतारी, एक विचारायचं राहिलं. उद्या विंडोज नव्याने टाकलं तर डीवरचे हे फोल्डर्स त्याला आपोआप कळतात का?

बिनतारी
नाही. नोंद सीवर असते, ती नव्या विंडोजबरोबर कोरी होते. फाईल्स डीवर तशाच राहतात. तुम्ही पुन्हा लोकेशनमध्ये जाऊन तोच फोल्डर दाखवायचा. जुन्या आणि नव्या खात्याचं नाव एकच असलं तरी विंडोजसाठी ती दोन वेगळी खाती असतात. त्यामुळे मुक्तछंद यांनी सांगितलेल्या परवानग्या लावल्या असतील तर पहिल्यांदा उघडताना अडवेल. ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातून कंटिन्यू म्हटलं की आत सोडतं.

गोगलगाय
डेस्कटॉपही हलवावा का असाच? माझा ४० जीबीचा झाला आहे.

सांजपक्षी
हलवता येतो, त्यालाही लोकेशन टॅब आहे. पण माझा डी जुनी फिरती हार्डडिस्क आहे, आणि मी हलवल्यापासून सकाळी आयकॉन उमटायला वेळ लागतो. मी तो परत आणायच्या विचारात आहे.

दर्यावर्दी
माझ्याकडे डीसुद्धा एसएसडी आहे, मला काही फरक जाणवला नाही. गोगलगाय, तुमचा डी कोणता आहे ते आधी सांगा.